बंगळुरूत रात्रीचं रिक्षाभाडं: फोटोतल्या दरपत्रकावरून हिशेब कसा करायचा?

प्रश्न: बंगळुरूत रात्री १०.२० ला ऑटो केली, मीटर टाकलं नाही. ८.६ किमी आलो, वाटेत ३५ मिनिटं थांबवली होती. ड्रायव्हरने २९० घेतले. सीटमागच्या दरपत्रकाचा फोटो काढलाय, ३६, १८ आणि १० असे आकडे आहेत. पुण्यात तर रात्रीचे २५ टक्केच लागतात. मला फसवलं का?

उत्तर:

थोडं जास्त घेतलं, पण तुम्ही समजताय तेवढं नाही. आणि ते २५ टक्के आधी डोक्यातून काढून टाका. पुण्यामुंबईची माणसं बंगळुरूच्या ऑटोवाल्याशी भांडतात त्यातली निम्मी भांडणं याच एका आकड्यावरून होतात, आणि त्यात चूक बहुतेक वेळा आपली असते. मुंबईत आणि पुणे महापालिका हद्दीत रात्र बाराला सुरू होते, पहाटे पाचला संपते आणि जादा आकार पाव असतो. बंगळुरूत रात्र दहाला सुरू होते, पाचलाच संपते, आणि जादा आकार निम्मा असतो. म्हणजे दीडपट. तुम्ही १०.२० ला बसलात, तेव्हा दीडपट मागणं हा त्याचा हक्कच होता.

आता फोटोकडे वळा. हिशेबाला बसण्याआधी आकडे नीट वाचलेत का हे तपासा, कारण सीटमागचं कार्ड लॅमिनेट केलेलं असतं आणि फ्लॅश पडला की ८ चा ६ किंवा ३ दिसतो. त्यावर सोपी युक्ती आहे. बंगळुरूचं किमान भाडं पहिल्या २ किमीचं असतं आणि ते दर किमीच्या भाड्याच्या बरोबर दुप्पट असतं. ३६ चे निम्मे १८, जुळलं. कोणाच्या फोटोत ३० आणि १५ दिसले तर तेही एकमेकांशी जुळतात, पण ते डिसेंबर २०२१ पासूनचं जुनं कार्ड. १ ऑगस्ट २०२५ पासून ३६ आणि १८ लागू झाले. म्हणून आकड्यांइतकीच कार्डावरची तारीखही फोटोत यायला हवी. लोक नेमका तोच कोपरा कापतात.

कार्ड कन्नडमध्ये असेल तर घाबरायचं कारण नाही. ‘कनिष्ठ दर’ म्हणजे किमान भाडं. आपल्याकडे कनिष्ठ म्हणजे धाकटा किंवा हलका, तिकडे कमीत कमी. ‘रात्री’ ही रात्रच. ‘कायुविके’ म्हणजे थांबणं, वेटिंग. तुमच्या फोटोतला १० चा आकडा त्या ओळीतला आहे का हे पाहून घ्या, कारण सामानाच्या ओळीतही १० च असतात (पहिले २० किलो फुकट, पुढच्या दर २० किलोला १०). दोन ओळी जवळजवळ असल्या की गल्लत होते.

अंतराचा हिशेब असा. पहिल्या २ किमीचे ३६. उरले ६.६ किमी, गुणिले १८, म्हणजे ११८.८०. एकूण १५४.८०. किमान भाडं दुप्पट असल्यामुळे २ किमीच्या पुढे कुठलंही अंतर सरळ १८ ने गुणलं तरी हेच उत्तर येतं. तोंडी करायला ते सोपं. त्याचं निम्मं ७७.४०. दोन्ही मिळवून रात्रीचं भाडं २३२.२०.

वेटिंगमध्ये पहिली ५ मिनिटं मोफत असतात, त्यानंतर प्रत्येक १५ मिनिटांना किंवा त्याच्या भागाला १० रुपये. तुमची ३५ मिनिटं, त्यातली ५ वजा, राहिली ३०. म्हणजे दोन टप्पे, २० रुपये. अजून एक मिनिट जास्त झालं असतं तर तिसरा टप्पा लागून ३० झाले असते. म्हणून थांबवताना घड्याळ बघून ठेवायचं आणि ड्रायव्हरलाही दाखवायचं. दुकानातून बाहेर आल्यावर ‘किती वेळ झाला’ यावर दोघांचं एकमत होणं कठीण असतं.

२३२.२० आणि २० मिळून २५२.२०. हे तुमचं भाडं.

मग २९० आले कुठून? हे उलगडून बघण्यासारखं आहे, कारण असा आकडा सहसा हवेतून येत नाही. त्याने ८.६ चे ९ किमी धरले असावेत, भाडं १६२. मोफतची ५ मिनिटं सोडलीच नाहीत, मग ३५ मिनिटांचे तीन टप्पे, ३० रुपये. बेरीज १९२. तिच्यावर दीडपट लावली, २८८. सुट्ट्यासाठी २९०. तुमचे सुमारे ३८ रुपये जादा गेले: अंतर वर ओढल्याने जवळजवळ ११, मोफत मिनिटं न सोडल्याने १०, वेटिंगलाही दीडपट लावल्याने १५, आणि वरचे २. यातली पहिली दोन कार्डाप्रमाणे चुकीचीच आहेत. तुम्ही मात्र पुण्याचा पाव आकार लावून ‘१९३.५० होतात’ म्हणून भांडला असता, तर तुमचीच चूक त्याच्या चुकीपेक्षा मोठी ठरली असती.

वेटिंगला दीडपट लागते का, यावर माझा मेहुण्याशी जुना वाद आहे. तो म्हणतो, रात्र म्हटलं की सगळ्यालाच दीडपट. माझं मत ठाम आहे: कार्डावर रात्रीची ओळ भाड्याबद्दल बोलते, नेहमीचं भाडं अधिक त्याचं निम्मं. वेटिंगचा दर वेगळ्या ओळीत, स्वतःच्या अटीसह दिलेला आहे. तिथे रात्रीचा उल्लेख नाही, तर तो आपण का घालायचा? तुमच्या बाबतीत फरक १० रुपयांचा आहे, २५२.२० ऐवजी २६२.२०. ड्रायव्हर मेहुण्याच्या बाजूचा निघाला तर मी दहा रुपयांसाठी रस्त्यावर उभा राहणार नाही, पण हिशेब मात्र २५२ चाच मानेन.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मीटर चालू असेल तर त्याच्या आकड्यात थांबलेला वेळ आधीच मोजलेला असू शकतो. तेव्हा वरून वेटिंग पुन्हा मिळवू नका. मीटरवरचा आकडा दिवसाचा आहे की दीडपट झालेला, हेही उतरण्याआधी विचारा. ड्रायव्हर ‘वन अँड हाफ’ म्हणतो तेव्हा तो दिवसाच्या आकड्यावर मागतोय हे दिसलं पाहिजे, नाहीतर दीडपटीवर पुन्हा दीडपट होते, म्हणजे सव्वादोनपट. आणि अ‍ॅपवरून बोलावलेल्या ऑटोला हा हिशेब तसाच लावू नका. तिथे पिकअपचे पैसे वेगळे असू शकतात आणि भाडं बसण्याआधीच स्क्रीनवर दिसतं. तेव्हा फोटो कार्डाचा नाही, त्या स्क्रीनचा काढून ठेवा.