उत्तर: «दाना न था» मराठीत कसं आणायचं? (फोटोतल्या कोड्याबद्दल)

> «हिंदी कोड्यांच्या पानाचा फोटो आहे. आडवा शब्द: अनार क्यों न चखा, वज़ीर क्यों न रखा? (4). उत्तर छापलंय 'दाना न था'. मी केलं: डाळिंब का चाखलं नाही, वजीर का ठेवला नाही? दाणा नव्हता. पण वजिराचं काही कळत नाही आणि चौकटीतही बसत नाही. आमच्या मराठी पानासाठी हवंय. काय करू?»

तुमचा प्रश्न वाचून जुनी जखम उघडी पडली, म्हणून जरा लांबण लागणार. मी हौशी माणूस आहे, कोडी रचण्याचा धंदा नाही माझा. पटेल ते घ्या.

वजिराचं आधी. हिंदीत, खरं तर फारसीतून आलेले, 'दाना' दोन आहेत. एक बी किंवा दाणा, दुसरा शहाणा, जाणता. डाळिंबात दाणा नव्हता आणि वजीर शहाणा नव्हता, दोन्हीला हिंदीत 'दाना न था'. आजच्या मराठीत 'नादान' सर्रास वापरतात, पण त्याचा उलटा 'दाना' कुणाच्या तोंडी येत नाही. म्हणून तुमचा अर्धा प्रश्न लटकला. गंमत बघा, 'नव्हता' मात्र चोख चालतो. 'दाणा नव्हता' म्हणजे अस्तित्वच नव्हतं, 'शहाणा नव्हता' म्हणजे तसा नव्हता, आणि मराठीत दोन्हीला क्रियापद एकच. म्हणजे व्याकरण पार झालं, अडला तो फक्त शब्द. कोड्यांच्या भाषांतरात इतकी सोपी अडचण क्वचितच मिळते.

हे 'दोसुखने' आहेत: दोन प्रश्न, एकच उत्तर. अमीर खुसरोच्या (1253–1325) नावावर अशी बरीच सांगतात. सगळी त्याचीच असतील असं नाही. त्यातली काही तर मुळातच दोन भाषांत आहेत, पहिला प्रश्न फारसी, दुसरा हिंदी. «सौदागर रा चे मी बायद? बूचे को क्या चाहिए?» उत्तर: दोकान. सौदागराला दुकान हवं, आणि बुच्याला, म्हणजे कान नसलेल्याला, दोन कान.

माझी जखम इथलीच. एका प्रकाशनाच्या कोड्यांच्या विभागाने (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) हेच कोडं मराठीत करायला पाठवलं होतं. फारसी ओळीचं हिंदी त्यांनीच करून घेतलं होतं. पाठवलं काय, तर फक्त त्या दोन ओळींचा कापलेला फोटो. चौकट नाही, क्रमांक नाही, कंसातला आकडाही कापताना गेलेला. मी चौकट मागितली. उत्तर आलं, «तुम्ही फक्त भाषांतर करा, चौकटीचं आम्ही बघतो.» पुन्हा मागितली, तर फोन दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्या, आणि तिसऱ्या टेबलाला हे काम आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हतं. शेवटी मी आंधळेपणाने नवं करून दिलं: «सौदागराला काय हवे? भक्ताला काय हवे?» उत्तर 'भाव'. एकाला किमतीतला, दुसऱ्याला मनातला. अजूनही मला ते बरं वाटतं. पण चौकटीत घरं तीन, आणि भा-व दोनच. घरं तीन आहेत एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर मी तीन अक्षरांचा शब्द शोधला असता. सांगितलं नाहीच. उलट 'मुळाशी इमान राखलेलं नाही' असा शेरा मारून त्यांनी आपलं छापलं: «व्यापाऱ्याला काय हवे? बुच्याला काय हवे?», उत्तर दुकान, आणि संकेताच्या खालीच तळटीप: 'हिंदीत दो म्हणजे दोन'. कोड्याच्या खाली कोड्याचं उत्तर! वाचकांनी विचारलं की बुच्याला दुकान कशाला, तेव्हा ती पत्रं मला पाठवली गेली. असो.

म्हणून माझं ठाम मत, कुणाला आवडो न आवडो: चौकट न बघता शब्दकोड्याचा संकेत भाषांतर करायला घेऊच नये. तुम्ही निदान कंसातला आकडा दिलात. तोच तुमचं अर्धं काम आहे. देवनागरी कोड्यात एका घरात एक अक्षर जातं, जोडाक्षर आणि मात्रा धरून. दा-ना-न-था, चार घरं. दा-णा-न-व्ह-ता, पाच. म्हणून तुमचं बसत नाही. 'नव्हता'ऐवजी 'नसे' घालून चार करता येतील, पण अशा वेळी कृपा करून ओव्यांच्या भाषेत शिरू नका. सोडवणाऱ्याला उत्तर कळलं तरी ते लिहायला धजावणार नाही.

आता पुढचं तुम्हाला नक्की काय हवंय त्यावर आहे. कुणाला मूळ कोडं नुसतं समजावून द्यायचं असेल तर शब्दशः ओळ, मग हिंदी उत्तर जसंच्या तसं, मग त्याचे दोन अर्थ, एवढ्यावर थांबा. नवीन काही रचू नका. पण तुम्ही पानासाठी म्हणता आहात, म्हणजे कुणीतरी ते सोडवणार आहे. मग प्रश्नांचं भाषांतर सोडून द्या आणि उत्तराकडून उलटे या. राखायचा तो सांगाडा: दोन प्रश्न, एक उत्तर, 'नव्हता'सारखा शेवट, आणि जमलं तर यमक (चखा–रखा). डाळिंब गेलं तर जाऊ दे.

मग मराठीत असा शब्द शोधायचा जो एखाद्या वस्तूत नसू शकतो आणि माणसातही नसू शकतो. मला पहिल्यांदा 'पाणी' सुचलं. विहिरीत पाणी असतं, मोत्याला पाणी असतं, आणि माणसाचं पाणी आपण जोखतो. म्हणून:

विहीर का बुजवली? वजीर का बदलला? — पाणी नव्हते.

विहीर–वजीर हे यमक फुकट मिळालं, आणि तुमचा वजीरही राहिला. फक्त तो बिनअकलेचा होता, आता बिनधमकेचा झाला. एवढा बदल मी बिनदिक्कत करतो. शिवाय 'वजीर' म्हटल्यावर पुष्कळांच्या डोळ्यांपुढे बुद्धिबळाचा पट येईल आणि ते तिकडे भरकटतील, ही चकवणूक आपल्या फायद्याचीच.

पण पा-णी-न-व्ह-ते पुन्हा पाच. इथे काळ बदला: «विहीर का बुजवता? वजीर का बदलता?» उत्तर 'पाणी नाही'. पा-णी-ना-ही, चार. बसलं.

पूर्ण बसलं का? नाही, कारण उभे शब्द. मुळात घरं दा, ना, न, था होती. आता पा, णी, ना, ही झाली. एकही अक्षर जागेवर नाही. पहिल्या घरातून खाली उतरणारा शब्द समजा 'दावा' असेल तर 'पावा' करता येईल. तिसऱ्यातून 'नग' उतरत असेल तर 'नाग'. पण संकेत नवे लिहावे लागतील, आणि त्या उभ्या शब्दांना छेदणारे आडवे शब्द आणखी खाली असतील तर ते अबाधित राहताहेत ना, तेही बघावं लागेल. 'दावा'चा 'पावा' करताना 'वा' हललेला नाही, म्हणून खालचा आडवा शब्द सुरक्षित. बदलायचं ते फक्त छेदाचं घर, बाकी शेपूट तशीच, हा नियम धरलात तर निस्तरायला कमी लागतं. खरी अडचण दुसऱ्या घरात आहे. 'णी'ने सुरू होणारा शब्द मराठीत मिळणार नाही. तिथून उभा शब्द *सुरू* होत असेल तर हे उत्तर सोडून द्यावं लागेल. 'णी'वर तो संपत असेल, तर राणी, वाणी, लेणी, हवे तितके.

पडताळा कसा घ्यायचा? उत्तर न सांगता एखाद्याला द्या. उत्तर ऐकल्यावर तो वैतागून हसला तर जमलं. 'वजिराचं कसं काय?' असं विचारलं तर दुसरा अर्थ त्याच्या बोलण्यात जिवंत नाही, आणि मग कोशात तो अर्थ असला तरी उपयोग नाही. अगदी तरुण सोडवणारे असतील तर 'पाणी'चा धमक हा अर्थ किती जणांना लागेल, याची मला खात्री देता येणार नाही. तशी शंका वाटली तर वजिराऐवजी मोती घ्या: «विहीर का बुजवता? मोती का परत करता?» यमक जातं, पण अर्थ लवकर लागतो.

आणखी दोन गोष्टी, विषयाला थोड्या सोडून. हिंदी 'क्या चाहिए'ला लिंग नाही, मराठी 'हवा, हवी, हवे'ला आहे. 'काय हवा?' लिहिलंत की उत्तर पुल्लिंगी आहे हे फुकट सांगून बसता. नेहमी 'काय हवे?' दुसरं म्हणजे फोटो मोठा करून अक्षरांखालचे ठिपके बघा. वर्तमानपत्री कागदाच्या फोटोत नुक्ता हमखास उडतो, आणि हिंदीत 'राज' म्हणजे राज्य तर 'राज़' म्हणजे गुपित. कोडं रचणारे कधी कधी मुद्दाम त्यावरच खेळतात.

आणि नवं रचण्याआधी मराठीत तयार आहे का तेवढं बघा. त्याच पानावर «पान सड़ा क्यों, घोड़ा अड़ा क्यों? फेरा न था» असेल (हे जोडीने छापतात) तर डोकं खपवू नका. पान का सडले, घोडा का अडला, भाकरी का करपली, न फिरवल्याने, हे आपल्याकडे घरोघरी आहे. फक्त ते सहा घरांचं आहे, हिंदीतलं चार.

आता पूर्ण पानाचा फोटो टाका, चौकटीसकट, सरळ वरून काढलेला. दुसऱ्या घरातून उभा शब्द जातो का, आणि तो तिथे सुरू होतो की संपतो, एवढं दिसलं की 'पाणी' ठेवायचं का टाकायचं ते सांगतो.