ईसीजी नॉर्मल आहे, तरी छातीत दुखतं

प्रश्न : मी ३४ वर्षांची, पारोळा तालुक्यात शिक्षिका आहे. घरात किंवा शाळेत ताण झाला की अचानक छातीत दुखतं, धाप लागते, आता मी जाणार असं वाटतं. दोन महिन्यांपूर्वी ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक आहे. पण एका कागदावरून हृदय ठीक आहे हे कसं कळतं?

ताई, तुमची शंका रास्त आहे. एका कागदावरून सगळं कळत नाहीच. हृदयाचा आजार नाही हे ठरवायची एक रीत आहे. ती पुरी केली तरच समुपदेशनाचा उपयोग होतो, नाहीतर माणूस माझ्यासमोर बसतो खरा, पण त्याचं चित्त नाडीवरच असतं.

चोपड्याकडचे एक कृषी केंद्रवाले माझ्याकडे यायचे. वय ४१. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. जूनचे दिवस होते, कपाशीच्या बियाण्यांची गर्दी. गेल्या हंगामाची उधारी शेतकऱ्यांकडे अडकलेली आणि कंपनीचा माणूस बाकीसाठी दुकानात बसलेला. तो गेल्यावर रात्री वही चाळताना डाव्या छातीत टोचायला लागलं. छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना. ओठ बधिर झाले आणि हाताची बोटं अशी आखडली की हातातला पेन सुटेना. भावाला एवढंच म्हणाले, ‘जीव घाबरास.’ दोनच वर्षांपूर्वी त्यांचा चुलतभाऊ हार्ट अटॅकने गेला होता.

जवळच्या दवाखान्यात ईसीजी झाला. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणत एक इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. अशा वेळी ‘काही नाही’ हा शब्द फार महागात पडतो, असं माझं मत आहे. आप्पांना पुढच्याच आठवड्यात तोच त्रास पुन्हा झाला, आणि या वेळी भावाने त्यांना थेट जळगावला नेलं.

तिथल्या फिजिशियनने काय केलं ते नीट सांगतो. ईसीजी म्हणजे हृदयाच्या विद्युत हालचालीची जेमतेम दहा सेकंदांची नोंद. हार्ट अटॅकच्या सुरुवातीलाही ती कधीकधी नॉर्मल येऊ शकते. म्हणून दुखत असतानाच एक ईसीजी काढला आणि थोड्या वेळाने पुन्हा काढून दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. सोबत रक्तातलं ट्रोपोनिन तपासलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण लगेच नाही, काही तास जातात. त्यामुळे आल्या आल्या घेतलेला नमुना नॉर्मल आला तरी तीन तासांनी दुसरा घेतला. दोन्ही नॉर्मल, दोन्ही ईसीजी सारखेच, ऑक्सिजन ९९, नाडी ११८ पण ठोके नियमित. फुप्फुसाकडून काही असावं असं तपासणीत दिसलं नाही. साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही पाहिलं, कारण पंडुरोगात आणि थायरॉइड वाढल्यावरही अशीच धडधड होते.

एवढ्याने त्या रात्रीचा त्रास हार्ट अटॅक नव्हता हे ठरलं. रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात का, हा प्रश्न वेगळा. आप्पा तंबाखू खायचे, घरात चुलतभावाचं उदाहरण होतं, म्हणून टूडी इको आणि पट्ट्यावर चालायची टीएमटी चाचणी झाली. त्यांच्या वयाला नाडी १५२ च्या आसपास न्यायची असते. ते तिथपर्यंत गेले, घामाघूम झाले, धापा टाकल्या, पण छातीत दुखलं नाही आणि ईसीजीत बदल दिसला नाही.

माझं काम तिथून सुरू झालं. मी विचारलं, ‘पट्ट्यावर छाती धडधडली तेव्हा भीती वाटली का?’ म्हणाले, ‘नाही, ते तर चालल्यामुळे होतं.’ तेवढेच ठोके दुकानात पडले की मात्र मरण दिसायचं. डॉक्टरांची संमती घेऊन मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि एक मिनिट भराभर, खोल श्वास घ्यायला लावले. चाळीसेक सेकंदांत ओठाला मुंग्या आल्या, बोटं ताठरली. ते दचकून म्हणाले, ‘हेच ते!’ घाईघाईने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मज्जातंतू चटकन उत्तेजित होतात आणि बोटं आखडतात. छातीच्या पिंजऱ्याचे स्नायू ताणले जाऊन कळही येते. दुखणं खोटं नसतं, त्याचं कारण तेवढं वेगळं असतं. हा प्रयोग तुम्ही एकटीने करू नका. दमा, हृदयरोग, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर तो मुळीच करायचा नसतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्या खिशात सापडली : जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटचं पाकीट, कुणा ओळखीच्याने दिलेलं. त्या गोळीने रक्तदाब उतरतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते. म्हणजे भीती घालवायला घेतलेली गोळी नव्याने भीती उभी करत होती. डॉक्टरांनी ती बंद केली. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्रही मी भावाकडे ठेवायला सांगितलं, कारण ते दर तासाला आकडा बघायचे. मग हळूहळू सुटलेल्या गोष्टी परत सुरू केल्या : आधी संध्याकाळी दुकानात एकटं बसणं, मग बाजार समितीत जाणं, शेवटी लग्नाची पंगत. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळीही दिली होती, तिचा गुण यायला काही आठवडे गेले. दिवाळीनंतर कापूस विक्रीच्या धावपळीत पुन्हा एक झटका आला. ते खुर्चीत बसून राहिले, श्वास हळू बाहेर सोडत राहिले. दहा मिनिटांत तो शिगेला गेला आणि पुढच्या वीसेक मिनिटांत ओसरला.

मात्र त्यांना मी एक बजावून ठेवलं आहे : छातीवर ओझं ठेवल्यासारखं दुखलं, कळ जबड्यात किंवा हातात गेली, चालताना येऊन थांबल्यावर कमी झाली, गार घाम किंवा चक्कर आली, किंवा दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर पॅनिक म्हणून बसून राहायचं नाही, १०८ ला फोन करायचा. पॅनिकचा रुग्ण हृदयरोगापासून सुटलेला नसतो. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तर हार्ट अटॅक कधी नुसती धाप लागून किंवा मळमळूनही येतो. आणि तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय करू नका. त्रासाचं मूळ हृदयात किंवा दम्यात असेल तर त्याने ऑक्सिजन आणखी कमी पडतो.

आता तुमचं. दोन महिन्यांपूर्वीच्या दुखण्यासाठी आज ट्रोपोनिन करून काही हाती लागणार नाही, ते तोवर उतरलेलं असतं. तो ईसीजीचा कागद घेऊन फिजिशियनकडे जा. दुखत असताना काढला होता की थांबल्यावर, हे सांगा. साखर, बीपी, तंबाखू-मिश्री आणि घरातले कमी वयातले हृदयरोग, यातलं काही लपवू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घ्या. टीएमटी स्वतःहून मागू नका. तुमच्या वयाच्या, धोका कमी असलेल्या बाईत ती खोटी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता बरीच असते, आणि मग अँजिओग्राफीपर्यंतची धावपळ मागे लागते. ती हवी का, हे डॉक्टर तुमची हकिकत ऐकून ठरवतील. पुढच्या वेळी दुखेल तेव्हा, निदान पक्कं होईपर्यंत, दुखतानाच दवाखाना गाठा आणि दुसरा ट्रोपोनिन होईपर्यंत तिथेच थांबा.