पंचांगात बापाला फक्त आंघोळ

प्रश्न : आठव्या आठवड्यात माझं मिसकॅरेज झालं. पुन्हा चान्स किती दिवसांनी घ्यावा? सासूबाई म्हणतात सहा महिने थांबा. मिस्टर तर या विषयावर बोलतच नाहीत. अशा वेळी आधार कुठे मिळतो?

उत्तर :

तुमच्या मिस्टरांच्या जागी मी होतो, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे तारखेप्रमाणे नववा आठवडा चालू होता. सोनोग्राफीत गर्भ पाचच मिलीमीटरचा भरला आणि ठोके दिसले नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, सात मिलीमीटरच्या आत असेल तर एकदाच बघून निकाल द्यायचा नसतो, आठवड्याने परत या. तो आठवडा कसा गेला ते कुणी विचारलं नाही. घरात सांगायचं की नाही तेच ठरत नव्हतं. बायको डाळ-तांदूळ निवडल्यासारखी एकेक लक्षण निवडत बसायची: मळमळ आहे, म्हणजे असेल. आज कमी आहे, म्हणजे नसेल. दुसऱ्या सोनोग्राफीत गर्भ तेवढाच. मग पिशवी रिकामी व्हायच्या गोळ्या तिने घेतल्या. एका तासात दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि असं सलग दोन तास झालं तर थेट दवाखान्यात यायचं, एवढं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. रात्रभर पॅड मोजायचं काम माझं होतं. तेवढीच काय ती माझी भूमिका, असं सगळ्यांना वाटलं.

दोन दिवसांनी काका आले. आमच्या घरी काही झालं की काका पंचांग उघडतात, तसं उघडलं. अशौचनिर्णयात सगळं असतं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ गेला तर आईला तीन रात्री अशौच, बाप आणि भाऊबंद यांना नुसतं स्नान. काकांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "तुझं काय, आंघोळ केलीस की संपलं. उद्यापासून कामाला जा, बायकोसमोर रडका चेहरा करून बसू नकोस." मी गेलो कामाला. त्यानंतर कुणी भेटलं की "वहिनी कशा आहेत?" एवढंच विचारायचं. मी म्हणायचो, बरी आहे.

म्हणून म्हणतो, मिस्टर बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही असा घेऊ नका. बहुतेक त्यांनाही कुणीतरी आंघोळीवर मोकळं केलंय.

आता सहा महिन्यांचं. हे सासूबाईंच्या मनचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या तज्ज्ञ बैठकीनंतर गर्भपातानंतर किमान सहा महिने थांबा असं सांगितलं गेलं आणि ते सगळीकडे झिरपलं. त्यामागची मोठी आकडेवारी लॅटिन अमेरिकेतल्या दवाखान्यांची होती, आणि त्यात आपोआप झालेले आणि करून घेतलेले गर्भपात वेगळे काढलेले नव्हते. पुढे २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या तीस हजारांवर बायकांच्या नोंदी तपासल्या तर उलटंच दिसलं: सहा महिन्यांच्या आत ज्यांना दिवस राहिले त्यांच्यात पुन्हा गर्भपात कमी झाले होते. पिशवीला 'विश्रांती' वगैरे लागत नाही. आमच्या डॉक्टरबाईंनी तीन आठवड्यांनी घरी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगितली, ती निगेटिव्ह आली. एक पाळी येऊ द्या म्हणाल्या, तीही मुख्यतः पुढच्या तारखा नीट मोजता याव्यात म्हणून. रक्तस्राव पूर्ण थांबेपर्यंत संबंध नकोत, एवढं मात्र पाळायचं. आणि इतक्यात मूल नको असेल तर काळजी घ्यायची, कारण पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात.

म्हणजे शरीराचा प्रश्न महिना-दीड महिन्यात मिटला. गंमत अशी की आमच्यात पुढे जायची घाई बायकोला होती आणि नको मला होतं. माझी आईही "सहा महिने" म्हणत होती, ते मला फार सोयीचं पडलं. डॉक्टर हो म्हणाल्या तरी मी आईचा हवाला द्यायचो. बायकोला वाटलं, याला मूलच नकोय. खरं म्हणजे मला तो सोनोग्राफीचा अंधाऱ्या खोलीतला स्क्रीन पुन्हा बघायचा नव्हता. दवाखान्याच्या रस्त्यावरून गाडी नेणंही मी टाळत होतो.

आधाराचं विचाराल तर नातेवाईक हा आधार नाही, असं माझं स्पष्ट मत. "होईल गं दुसरं", "कमी दिवसांचंच होतं ना", "तू जिना जास्त चढलीस" हे तिघं मिळून जेवढं नुकसान करतात तेवढं कुणी करत नाही. (जिन्याचं तर खोटंच आहे. पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांच्या चुकीने होतात. त्याला जिना, पपई, स्कूटी यातलं काही लागत नाही.) मी फोन केला तो टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून केला. पलीकडच्या बाई मध्ये बोलल्या नाहीत, हेच मला नवीन होतं. त्यांनी आधी झोप, जेवण, काम यांबद्दल विचारलं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ मन उदास आहे का, कशातच रस वाटत नाही का, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येऊन दचकायला होतं का. यातलं काही टिकून असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा म्हणाल्या, आणि जगणं नकोसं वाटत असेल तर थांबूच नका.

मग एक सांगितलं: दिवसातली वीस मिनिटं ठरवून घ्या, त्यात दोघांनी फक्त याच विषयावर बोलायचं, एकाने बोलायचं तेव्हा दुसऱ्याने तोडगा सुचवायचा नाही. वेळ संपली की विषय बंद, मग टीव्ही लावा. आम्ही रात्री भांडी आवरल्यावर बसायला लागलो. पहिले काही दिवस दोघं घड्याळाकडेच बघत होतो. पण स्क्रीनचं मी तिथेच बोललो, आणि बायकोची घाई ही घाई नव्हती, पुढच्या वेळीही ठोके लागणार नाहीत ही भीती लवकर मोडून काढायची होती, हे मला तिथेच कळलं. तारीख त्यानंतर ठरली, आणि ती आईला विचारून ठरली नाही. तुमच्या मिस्टरांना समोर बसवून "बोल" म्हणू नका. हा नंबर द्या, किंवा वीस मिनिटांचं सांगून बघा.

तुम्ही नोकरी करत असाल तर एक ऐका. कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, डॉक्टरचा दाखला लागतो. बायकोच्या ऑफिसात "डिलिव्हरी कुठे झालीय?" असं विचारलं होतं. तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्याचं कलम ९ दाखवल्यावर सही झाली.

माझ्यावरून सगळं ठरवू नका मात्र. द्राक्षगर्भ, म्हणजे गर्भाऐवजी द्राक्षांसारखे फोड वाढलेले, निघाला असेल तर रक्तातलं एचसीजी हे गरोदरपणाचं संप्रेरक तपासत बरेच महिने थांबावं लागतं. गर्भ नळीत राहून मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं असेल तर साधारण तीन महिने. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारलंत का बघा. लागोपाठ दुसऱ्यांदा झालं तर आधी तपासण्या. फोलिक अ‍ॅसिड आत्तापासूनच चालू करा.

आणि काकांसारखं कुणी तुमच्याकडे पंचांग घेऊन आलं तर त्यांना सांगा, त्यात बापाला आंघोळ सांगितलीय, गप्प बसायला सांगितलेलं नाही. मी हे काकांना अजून म्हणालेलो नाही. दिवाळीत येणार आहेत, तेव्हा म्हणेन.