सर्कल बॅक, टच बेस, ऑफलाइन: हेच साध्या मराठीत

*आमच्या मीटिंगमध्ये सगळे मराठी, तरी ‘सर्कल बॅक करू’, ‘जरा टच बेस कर’, ‘हे ऑफलाइन घेऊ’ असंच चालतं. हेच साध्या मराठीत कसं म्हणायचं? शब्दशः केलं की हसू येतं.*

शब्दशः करायच्या फंदात पडूच नका. ‘गोल फिरून परत येऊ’ म्हणालात तर लोक हसणारच. पण खरी अडचण शब्दांची नाहीच. या वाक्प्रचारांत काम कोण करणार, कोणाला सांगणार आणि कधी, हे सगळं मोकळं सोडलेलं असतं आणि तरी वाक्य पूर्ण झाल्यासारखं वाटतं. मराठीत तेच बोलायला गेलात की क्रियापद लगेच कर्ता मागतं. म्हणून एकाला एक प्रतिशब्द मिळत नाही. तीन-चार वाक्यं मिळतात, आणि त्यातलं आपल्याला कोणतं म्हणायचंय ते आधी ठरवावं लागतं. मीटिंगची टिपणं लिहिणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, त्यामुळे ही ठरवाठरवी मला रोज करावी लागते.

सर्कल बॅकपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात निसरडं तेच. ‘वी विल सर्कल बॅक’ यातलं ‘वी’ म्हणजे कोण? इंग्रजीत ऐकणारा त्यात धरलाय की नाही हे कळतच नाही. मराठीत मात्र आम्ही आणि आपण असे दोन वेगळे शब्द आहेत. बाहेरच्या कंपनीचा माणूस कॉलवर हे बोलला तर त्याचं मराठी ‘आम्ही बघून तुम्हाला कळवतो’. म्हणजे आता हालचाल त्यांनी करायची. तुमचाच टीम लीड बोलला तर ‘आपण यावर पुन्हा बोलू’, म्हणजे हालचाल सगळ्यांनी मिळून करायची, आणि सगळ्यांनी करायची म्हणजे बहुतेक वेळा कोणीच नाही. एकट्याने अंगावर घेतलं असेल तर ‘मी चौकशी करून सांगते’. आणि चौथा अर्थ, जो कोणी उघड बोलत नाही: ‘हे सध्या राहू दे’. टिपण लिहिताना मी तिथल्या तिथे विचारते, ‘म्हणजे मी काय लिहू, तुम्ही कळवणार की आपण पुन्हा भेटणार?’ दोन सेकंद शांतता होते आणि मग खरं उत्तर येतं. कधी कधी ते ‘नको, काढूनच टाका’ असंही असतं.

टच बेस हा बेसबॉलमधून आलेला शब्द. धावणाऱ्या खेळाडूने मैदानातल्या प्रत्येक बेसला स्पर्श करून पुढे जायचं असतं, तो राहिला तर बाद व्हायची वेळ येते. ऑफिसात मात्र त्याचा अर्थ एवढाच उरलाय की कोणाशी तरी थोडक्यात बोलायचं. का बोलायचं ते त्यात कुठेच नाही. ‘पाठवायच्या आधी मॅनेजरशी टच बेस कर’ याचे मराठीत सरळ दोन वेगळे अर्थ होतात. ‘मॅनेजरला विचारून घे’ म्हणजे ते हो म्हणेपर्यंत पाठवायचं नाही. ‘मॅनेजरच्या कानावर घाल’ म्हणजे पाठव, फक्त त्यांना माहीत असू दे. नव्याने लागलेली मुलं इथेच अडकतात. कानावर घालायचं असतं तिथे परवानगीची वाट बघत बसतात, आणि परवानगी लागते तिथे एक मेसेज टाकून मोकळी होतात. कानावर घालणे हा इतका नेमका मराठी वाक्प्रचार हाताशी असताना आपण टच बेस का म्हणतो, मला खरंच कळत नाही. तिसरा अर्थ नुसत्या चौकशीचा: ‘कुठवर आलंय ते एकदा विचार’. आणि ‘संपर्कात राहू’ हे त्याचं मराठी मुळीच नाही. ते आपण निरोप घेताना म्हणतो.

ऑफलाइन घेणे यातली गंमत अशी की ते बोलणं पुढे बहुतेक वेळा कॉलवर किंवा चॅटवरच होतं, म्हणजे चांगलंच ऑनलाइन. म्हणायचं इतकंच असतं की ‘हे इथे नको, वेगळं बोलू’. पण मराठीत इथे सूर सांभाळावा लागतो. भर मीटिंगमध्ये कोणी प्रश्न विचारला आणि तुम्ही म्हणालात, ‘तुझ्याशी मी नंतर बोलतो’, तर सगळी खोली समजते की याची आता खरडपट्टी निघणार. ‘हा विषय नको आता’ हेही झटकून टाकल्यासारखं. मी कारण आधी घालते: ‘हा आपल्या दोघांपुरताच मुद्दा आहे, बाकीच्यांना कशाला थांबवायचं? मीटिंग संपल्यावर दहा मिनिटं बोलू या.’ वाक्य लांबतं, पण समोरच्याचा मान राहतो आणि कधी बोलायचं तेही ठरतं.

सुराचा असाच एक खड्डा ‘बघून घेणे’ यात आहे. ‘ते मी बघून घेतो’ म्हणजे काम माझ्याकडे, काळजी नको. ‘त्याला मी बघून घेतो’ म्हणजे सरळ धमकी. घाईत मेल लिहिताना ‘ते’च्या जागी माणूस येऊ देऊ नका.

आता हे सगळं एकाच वाक्यात आलं तर काय होतं, ते बघा. पुरवठादाराचं बिल आलंय आणि त्यातला दर आपल्या ऑर्डरमधल्या दरापेक्षा जास्त आहे. मीटिंगमध्ये मॅनेजर आहेत, लेखा विभागातला एक जण आहे आणि खरेदी विभागातली एक जण आहे. मॅनेजर म्हणतात, ‘रेटचं ऑफलाइन घेऊ, व्हेंडरशी टच बेस करून इओडीपर्यंत सर्कल बॅक करू.’ तिघंही मान डोलावतात. लेखावाल्याला वाटतं, पुरवठादाराशी खरेदीवालीच बोलणार, कारण नेहमी तीच बोलते. खरेदीवालीला वाटतं, मॅनेजर ‘करू’ म्हणाले, म्हणजे ते स्वतः फोन करणार. मॅनेजरच्या डोक्यात असतं की बिल लेखाकडे आहे, तर पाठपुरावा त्यांनी करायचा. संध्याकाळी कोणीच कोणाला काही कळवत नाही आणि कोणाला खटकतही नाही, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या निरोपाची वाट बघत असतो. आठवड्याने पुरवठादाराचा फोन येतो, ‘आमच्या बिलाचं काय झालं?’ मग तीन विभागांत जुने मेल उकरणं सुरू होतं.

हेच वाक्य टिपणात मी असं लिहीन: ‘दरातला फरक कशामुळे आला, हे खरेदी विभागाने पुरवठादाराला विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. आज संध्याकाळी सहापर्यंत लेखा विभागाला कळवावं. उत्तर आलं नाही तरी “आलं नाही” असं कळवावं. तोवर बिल मंजूर करू नये.’ यातली शेवटची दोन वाक्यं मूळ इंग्रजीत मुळात नव्हतीच. साध्या मराठीत लिहायला बसलं की ‘मग तोवर काय करायचं?’ हा प्रश्न आपोआप समोर येतो. मॅनेजरना विचारल्याशिवाय ही वाक्यं मी स्वतःच्या मनाने घालत नाही, पण विचारायचं सुचतं ते लिहिताना. आणि इओडीच्या जागी मी घड्याळातली वेळ टाकते. दिवस कोणाचा संपायचा? लेखावाला सहाला निघतो, मॅनेजर रात्री अकराला मेल उघडतात. दुसऱ्या देशातली टीम असेल तर विचारूच नका.

बाकीचे वाक्प्रचार सोपे आहेत. लूपमध्ये घ्या म्हणजे ‘त्यांनाही मेलमध्ये ठेवा’. माझ्याकडे बँडविड्थ नाही म्हणजे ‘सध्या माझ्या हातात दोन कामं आहेत, हे सोमवारनंतर घेता येईल’. नुसतं ‘वेळ नाही’ म्हटलं की उद्धट वाटतं, त्यामुळे कधी जमेल ते जोडा. जेंटल रिमाइंडर म्हणजे ‘आठवण करून देते’, आणि त्यातलं ते जेंटल कोणालाही जेंटल वाटत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

मात्र मराठी केलं म्हणजे सगळं सरळ झालं, असं समजू नका. टाळाटाळ आपल्यालाही उत्तम जमते. ‘बघू’ या दोन अक्षरांत अख्खं सर्कल बॅक मावतं. आणि सरकारी वळणाचं मराठी तर इंग्रजीच्या वरताण आहे. ‘यथावकाश कळविण्यात येईल’ या वाक्यात कळवणारा माणूस कुठे दिसतो का? ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ यातली योग्य कार्यवाही कोणती, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ऑफिसात मराठी आणायला निघालेले लोक हमखास या वळणावर जातात, कारण ते भारदस्त वाटतं. तुम्ही टेबलापलीकडच्या सहकाऱ्याला तोंडी जसं सांगाल, तसंच लिहा. मॅनेजरना ‘तुम्ही’, बरोबरीच्यांना जे रोज म्हणता ते. वाक्य फार रोखठोक वाटलं तर ‘जरा’, ‘तेवढं’, ‘एकदा’ हे शब्द आहेतच. ‘दर विचारा’ हा हुकूम झाला, ‘तेवढा दर एकदा विचारून घ्याल का?’ ही विनंती झाली. काम दोन्हींत तेच आणि कोणी करायचं तेही तितकंच स्पष्ट.

एका ठिकाणी मात्र मी इंग्रजीच ठेवते. समोरच्याला खरंच काही ठरवायचं नसेल आणि तसं सगळ्यांसमोर बोलायचीही सोय नसेल, तर त्याच्या तोंडचं ‘सर्कल बॅक’ सोडवून लिहिणं म्हणजे त्याला उघडं पाडणं. वरिष्ठांनी ग्राहकासमोर ते म्हटलं असेल तर टिपणात मी जसंच्या तसं देवनागरीत उतरवते आणि ग्राहक गेल्यावर विचारते, ‘सर, हे आपण करणार आहोत की नाही?’