गेस्ट कर्नलने `cli` मारला तरी होस्ट का लटकत नाही

> लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समधे उबंटू चालवतो. गेस्टचा कर्नल पण रिंग 0 मधेच चालतो असं वाचलं. मग त्याने इंटरप्ट बंद केले किंवा `cr3` बदलला तर माझं विंडोज का नाही लटकत? आणि टाइप 1, टाइप 2 मधे हे वेगळं असतं का?

आधी हे डोळ्यांनी बघ, मग बाकीचं पटकन डोक्यात बसेल. एकच सीपीयू दिलेला, उडाला तरी चालेल असा गेस्ट घे आणि त्यात हे मॉड्यूल लोड कर (फक्त गेस्टमधे हं, चुकून होस्टवर नको):

```c
#include <linux/module.h>

static int __init adkav_init(void)
{
    asm volatile("cli\n1: jmp 1b");
    return 0;
}
module_init(adkav_init);
MODULE_LICENSE("GPL");
```

इंटरप्ट बंद, आणि मग जागच्या जागी गोल गोल. गेस्ट तिथेच मेला, घड्याळ थांबलं, पिंगला उत्तर नाही. होस्टवर बघशील तर व्हर्च्युअलबॉक्सची प्रोसेस एक कोर पूर्ण खातेय, बाकी सगळं नेहमीसारखं. आता `jmp 1b` च्या आधी `hlt` टाक म्हणजे `"cli\n1: hlt\njmp 1b"`, आणि परत बघ. गेस्ट तितकाच मेलेला, पण यावेळी होस्टवर सीपीयू जवळपास शून्य. हा फरक का, ते खाली येतंच.

हार्डवेअर सपोर्ट यायच्या आधी हे कसं करायचे ते थोडं सांगतो, कारण खरी अडचण काय होती ते कळल्याशिवाय उपाय कळत नाही. जुनी कल्पना अशी की गेस्ट कर्नलला रिंग 0 द्यायचंच नाही, रिंग 1 किंवा 3 मधे ढकलायचं. त्याने `cli` मारला की प्रोसेसर फॉल्ट देणार, हायपरव्हायझर तो पकडणार, स्वतःच्या वहीत लिहून ठेवणार की या गेस्टला आत्ता इंटरप्ट नकोत, आणि पुढे जाऊ देणार. आयबीएमच्या मेनफ्रेमवर 1970 च्या आसपास असंच चालायचं आणि छान चालायचं. 1974 मधे पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी याची अट नीट मांडली: जी जी इन्स्ट्रक्शन मशीनच्या स्थितीला हात लावते किंवा ती उघड करते, ती कमी अधिकारात चालवली तर फॉल्ट आलाच पाहिजे.

एक्स86 इथेच नापास झाला. लिनक्स कर्नलमधे लॉक घेताना हे तीन तुकडे सतत येतात:

```
pushf      ; आत्ताचे फ्लॅग स्टॅकवर
cli        ; इंटरप्ट बंद
...
popf       ; होते तसे परत
```

हे रिंग 1 मधे चालवून बघू. `pushf` ला फॉल्ट नाही, तो खऱ्या प्रोसेसरचा फ्लॅग स्टॅकवर ठेवतो म्हणजे इंटरप्ट चालू. `cli` ला फॉल्ट येतो, हायपरव्हायझर वहीत "बंद" लिहितो. इथपर्यंत ठीक. मग `popf`. अधिकार नसताना `popf` ने इंटरप्ट फ्लॅग बदलायचा प्रयत्न केला तर प्रोसेसर फॉल्ट देतच नाही, तो बदल गपचूप गिळून टाकतो आणि पुढच्या इन्स्ट्रक्शनवर जातो. गेस्टला वाटतं इंटरप्ट सुरू झाले, हायपरव्हायझरच्या वहीत अजून बंदच, टायमरची टिक कधीच आत जात नाही आणि गेस्ट कायमचा लटकतो. कुठे एररही नाही. पेंटियमवर अशा 17 इन्स्ट्रक्शन्स आहेत असं 2000 मधल्या एका विश्लेषणात दाखवलं गेलं.

व्हीएमवेअरने 1999 मधे यावर मार्ग काढला तो म्हणजे गेस्ट कर्नलचा कोड चालवायच्या आधी वाचायचा आणि `popf` सारख्या जागी स्वतःचा कोड घालायचा, यालाच बायनरी ट्रान्सलेशन म्हणतात. झेनने 2003 मधे गेस्ट कर्नलच बदलायला लावला. दोन्ही चालले, मला तर व्हीएमवेअरचं ते काम आजही अफाट वाटतं, पण दोन्हीमधे प्रोसेसरची उणीव सॉफ्टवेअरने भरून काढली होती.

इंटेलने नोव्हेंबर 2005 मधे व्हीटी-एक्स आणलं, एएमडीने 2006 मधे स्वतःचं. यात रिंगांना हातच लावला नाही. त्यांना आडवा असा एक नवीन भेद आणला, रूट मोड आणि नॉन-रूट मोड, आणि दोन्हीत चारही रिंग आहेत. म्हणजे तू वाचलंस ते बरोबर आहे, गेस्ट कर्नल खरोखर रिंग 0 मधे असतो, पण नॉन-रूटच्या रिंग 0 मधे. प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूसाठी मेमरीत व्हीएमसीएस नावाचा जास्तीत जास्त 4 केबीचा तुकडा असतो. त्यात गेस्टचे `rip`, `rsp`, फ्लॅग, `cr0`, `cr3`, `cr4`, सेगमेंट वगैरे, होस्टकडे परत येताना काय काय लोड करायचं ते, आणि कशाकशावर गेस्टला थांबवायचं त्याची यादी. (`rax`, `rbx` ही मंडळी त्यात नसतात, ती हायपरव्हायझरने स्वतः सांभाळायची.) `vmlaunch` किंवा `vmresume` मारलं की आत, आणि यादीतलं काही घडलं की प्रोसेसर स्वतः बाहेर येतो, यालाच व्हीएम एक्झिट म्हणतात, आणि का आलो त्याचा नंबर व्हीएमसीएसमधे लिहून ठेवतो.

आता तुझा `cli` घे. नॉन-रूटमधे तो फॉल्ट देत नाही, एक्झिटही होत नाही, तो पूर्ण वेगात चालतो आणि गेस्टचाच फ्लॅग बंद करतो. पण हायपरव्हायझरने व्हीएमसीएसमधे "बाहेरचा इंटरप्ट आला की एक्झिट" हा बिट लावलेला असतो, आणि तो लावलेला असताना प्रोसेसर गेस्टच्या फ्लॅगकडे बघतच नाही. त्या `jmp` च्या लूपमधे होस्टच्या टायमरची टिक आली की लगेच एक्झिट, कारण नंबर 1. विंडोज आपलं काम करतं, वाटल्यास तो कोर ब्राउझरला देतं, मग सवडीने गेस्टला परत आत सोडतं आणि तो बिचारा त्याच `jmp` वर पुढे सुरू. म्हणून कोर 100 टक्के दिसतो पण मशीन अडत नाही. `hlt` मात्र यादीत असतो, त्यावर एक्झिट होते (कारण 12), हायपरव्हायझरला कळतं की याला काही काम नाही आणि तो त्या व्हर्च्युअल सीपीयूचा थ्रेड झोपवतो, म्हणून तिथे शून्य.

आणि `popf`? ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. समजा गेस्टचे इंटरप्ट बंद आहेत आणि हायपरव्हायझरला त्याला नेटवर्कचा इंटरप्ट द्यायचाय. आत्ता देता येत नाही, मग तो "इंटरप्ट विंडो" नावाचा बिट लावून गेस्टला सोडून देतो. ज्या क्षणी गेस्टचा `popf` फ्लॅग चालू करतो त्या क्षणी प्रोसेसर स्वतः एक्झिट करतो, कारण 7, आणि हायपरव्हायझर इंटरप्ट आत टाकतो. जी इन्स्ट्रक्शन पूर्वी काही न सांगता निसटायची तिच्यावर आता लागेल तेव्हाच नजर ठेवता येते, आणि एरवी एका पैशाचा खर्च नाही. (नवीन प्रोसेसरवर बऱ्याचदा एवढीही एक्झिट लागत नाही, पण पाया हाच.)

`cr3` चं उत्तर वेगळं आहे. सुरुवातीच्या व्हीटी-एक्समधे `cr3` बदलला की एक्झिट व्हायची आणि हायपरव्हायझर स्वतःची सावली पेज टेबलं सांभाळायचा, ते फार हळू होतं. 2008 मधे नेहालेमपासून इंटेलमधे ईपीटी आलं. आता गेस्टने `cr3` हवा तसा बदलावा, तो ज्याला फिजिकल पत्ता म्हणतो तो ईपीटीच्या दुसऱ्या टेबलातून परत बदलला जातो, आणि ते टेबल गेस्टला दिसतच नाही. त्यात नोंद नसलेल्या पत्त्याला हात लावला की एक्झिट, कारण 48. किंमत अशी की टीएलबीत पत्ता सापडला नाही तर चार पातळ्यांची टेबलं एकमेकांत गुंतून 4 ऐवजी 24 पर्यंत मेमरी वाचनं होऊ शकतात. मोठ्या डेटाबेसच्या गेस्टला ह्यूज पेजेस द्यायला सांगतात ते यासाठीच.

टाइप 1 आणि टाइप 2 बद्दल. ही विभागणीही गोल्डबर्गचीच, 1970 च्या दशकातली. थेट मशीनवर बसतो तो टाइप 1 (ईएसएक्सआय, झेन, हायपर-व्ही), दुसऱ्या ओएसच्या आधाराने चालतो तो टाइप 2 (व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन). पण `cli` आणि `popf` पुरता दोघांत काहीच फरक नाही, कारण व्हर्च्युअलबॉक्सचाही कर्नल ड्रायव्हर असतो आणि `vmlaunch` तोच मारतो. 6.1 पासून तर व्हर्च्युअलबॉक्सने हार्डवेअर सपोर्टशिवाय चालणं बंदच केलं. फरक पडतो तो एक्झिटनंतर काम कोण करतं आणि व्हर्च्युअल सीपीयूला वेळ कोण वाटतं यात. केव्हीएम बघ, लिनक्सचं एक मॉड्यूल, प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयू म्हणजे क्यूएमूचा साधा थ्रेड, वेळ वाटणारा लिनक्सचाच शेड्युलर, मग टाइप 1 की 2? माझ्या मते तो वाद घालण्यापेक्षा एक्झिट कुठे जाऊन संपते ते बघावं.

उदाहरण देतो. माझा एक गेस्ट बूट व्हायला खूप वेळ घ्यायचा. होस्टवर `perf kvm stat live` लावलं तर सगळ्यात वर `IO_INSTRUCTION`. कारण सापडलं `console=ttyS0` आणि वर फुल डीबग लॉग. सिरीयल पोर्टवर एक अक्षर लिहायचं तर आधी पोर्ट `0x3fd` वाचून जागा आहे का बघायचं मग `0x3f8` वर लिहायचं, म्हणजे अक्षराला दोन एक्झिट, आणि त्या केव्हीएममधे न संपता पार क्यूएमूपर्यंत जाऊन परत. लॉग कमी केल्यावर बूट नीट झालं. व्हर्टिओ डिस्क-नेटवर्क वापरा म्हणतात ते एवढ्यासाठी, तिथे एका एक्झिटमागे कितीतरी काम एकदम जातं.

तुझ्या मशीनवर बघायचं असेल तर विंडोजमधे `systeminfo` चालव. शेवटी `A hypervisor has been detected` आलं तर हायपर-व्ही आधीच खाली बसलाय (डब्ल्यूएसएल 2 टाकलं असेल तर बहुतेक असणारच) आणि तुझं विंडोजसुद्धा त्याच्या वरच चालतंय. मग व्हर्च्युअलबॉक्सला व्हीटी-एक्स थेट मिळत नाही, तो हायपर-व्हीमार्फत चालतो आणि खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं. गेस्ट उगाच हळू वाटत असेल तर आधी ते कासव शोध. लिनक्स होस्टवर `grep -E -c 'vmx|svm' /proc/cpuinfo` शून्य आलं तर प्रोसेसरमधे सपोर्ट नाही किंवा तू स्वतःच एखाद्या गेस्टमधे आहेस, आणि आकडा आला पण `/dev/kvm` नाही तर `dmesg` मधे `disabled by bios` आहे का बघ.

"सुरक्षित" याची हद्दही सांगतो. प्रोसेसर फक्त एक्झिट करून देतो, पुढचा कोड माणसांनी लिहिलेला असतो. 2015 मधला व्हेनम बग क्यूएमूच्या फ्लॉपी कंट्रोलरमधे होता, गेस्टमधून पोर्टवर ठरावीक कमांड पाठवल्या की क्यूएमूच्या बफरबाहेर लिहिता यायचं. आणि खरं कार्ड थेट गेस्टला दिलंस तर ते कार्ड डीएमएने मेमरीत लिहितं, ते ईपीटीमधून जात नाही, त्यासाठी आयओएमएमयू म्हणजे इंटेलचं व्हीटी-डी चालू असावंच लागतं.

मॉड्यूल चालवून बघितलंस की `jmp` आणि `hlt` दोन्ही वेळचा सीपीयू किती दिसला ते इथे टाक, आणि कासव आहे की नाही तेही.