त्रास काहीच नाही, तरी आठवड्यातून दोनदा तपासणी कशाला?

«३४ वा आठवडा चालू आहे. बीपी १४४/९४ आलं, चार तासांनी परत घेतलं तरी तेवढंच. लघवीत प्रोटीन टू प्लस. डॉक्टर प्री-एक्लॅम्प्सिया म्हणाल्या, गोळी सुरू केली. आठवड्यातून दोनदा बोलावतात आणि ३७ व्या आठवड्यात डिलिव्हरी करू म्हणतात. मला तर काहीच होत नाहीये. गोळीने बीपी खाली आलं तर दिवस पूर्ण भरू देता येतील का?»

ताई, मी बरीच वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून काम केलं आहे. तुमच्यासारखंच "मला काहीच होत नाही" म्हणत आलेल्या एका बाईची हकिगत सांगते, पण आधी गोळीचं बोलू.

या आजाराचं मूळ वारेत असतं. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, त्या पुरेशा होत नाहीत. वारेला रक्त कमी पडतं आणि तिच्यातून असे पदार्थ आईच्या रक्तात उतरतात की शरीरभरच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. म्हणून बीपी चढतं, आणि मूत्रपिंडाची गाळणी सैल होऊन प्रोटीन लघवीत जातं. यकृत, मेंदू, रक्तातल्या प्लेटलेट्स यांच्यावरही तोच मारा चालू असतो. गोळी बीपी खाली ठेवते, त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका कमी होतो आणि ती घ्यायलाच हवी. पण वार तशीच राहते. आकडा १३० वर आला तरी आजार आतून पुढे सरकत असू शकतो, आणि तो थांबायला सुरुवात होते वार बाहेर पडल्यावरच.

आता ती बाई. साडेतेहतीस आठवडे, पहिलं बाळंतपण, बीपी १४६/९४, लघवीत प्रोटीन. प्लेटलेट्स १ लाख ८० हजार, यकृताचे रिपोर्ट नॉर्मल. गोळीवर बीपी १३५ च्या आसपास आलं आणि घरचे निर्धास्त झाले. पाचव्या रात्री तिला छातीच्या खाली, उजव्या बरगडीकडे दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली. सगळ्यांना वाटलं ॲसिडिटी. तिने पातळ औषध घेतलं आणि उशीला टेकून रात्र काढली. सकाळी बीपी १५२/९८, म्हणजे भीती वाटावी इतकंही नव्हतं. तपासणीची तारीख दुसऱ्या दिवशीची होती. तिच्या सासूबाईंनी मात्र हट्टाने तेव्हाच आणलं. रक्त पाठवलं तर प्लेटलेट्स ८४ हजार, यकृताचे आकडे नॉर्मलच्या पाचपट. याला हेल्प सिंड्रोम म्हणतात: तांबड्या पेशी फुटतात, यकृताला सूज येते, प्लेटलेट्स घसरतात. ते बरगडीखालचं दुखणं यकृताचं होतं.

तिला लगेच मॅग्नेशियम सल्फेट लावलं. हे झटके येऊ नयेत म्हणून देतात. पहिला डोस शिरेतून जाताना अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं वाटतं, ते तिला आधी सांगून ठेवलं होतं, नाहीतर माणूस घाबरतं. मग दर तासाला मी हातोडीने गुडघ्याची उडी बघायची, श्वास मोजायची, लघवीच्या पिशवीतलं माप लिहायची. औषध जास्त झालं तर आधी ती उडी मंदावते. त्याच दिवशी सिझर झालं. बाळ १ किलो ८५० ग्रॅम, काही दिवस नर्सरीत राहिलं. आईच्या प्लेटलेट्स दुसऱ्या दिवशी आणखी घसरून ६१ हजारांवर गेल्या आणि मग वर चढू लागल्या. आधी खाली जाऊन मग सुधारणं, हे या आजारात नेहमीचं आहे.

तुमच्या दोन फेऱ्यांचं उत्तर यातच आहे. पाच दिवसांत १ लाख ८० हजारांचे ८४ हजार झाले, आणि बीपीने ते सांगितलं नाही. म्हणून दर वेळी प्लेटलेट्स, यकृत आणि क्रिएटिनिन बघतात. लघवीतलं प्रोटीन मात्र रोज मोजत बसू नका. एकदा नक्की झाल्यावर त्याचे प्लस वाढले म्हणून डिलिव्हरीचा निर्णय बदलत नाही. बाळाकडे वारेतून कमी पोचत असेल तर त्याची वाढ मागे पडते, पाणी कमी होतं. त्यासाठी साधारण दोन आठवड्यांनी वाढीची सोनोग्राफी, नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉप्लर आणि ठोक्यांचा आलेख काढतात.

३७ आठवडे का, तर तोपर्यंत पोटात राहण्याचा बाळाला खरा फायदा असतो. त्यापुढे बाळाला फारसं मिळत नाही, आणि आईचा धोका दर दिवसाला वाढत राहतो. त्यामुळे दिवस पूर्ण भरू द्यायचा आग्रह धरू नका. रक्त किंवा डॉप्लर बिघडला तर ३७ च्याही आधी करावी लागेल, ही मनाची तयारी ठेवा.

घरी बीपी सकाळ-संध्याकाळ घ्या. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेकलेला. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. डाव्या कुशीवर झोपून वरच्या हाताचं बीपी घेतलं तर ते खोटं कमी येतं, आणि ही चूक मी फार पाहिली आहे. तुमचं मशीन एकदा दवाखान्यात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून घ्या, कारण काही मशीन याच आजारात कमी दाखवतात.

वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० आला तर १५ मिनिटांनी परत घ्या. तसाच राहिला तर फोनची वाट न बघता निघा. दुखण्याच्या गोळीनेही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, बरगडीखालचं दुखणं, धाप, बाळाची हालचाल कमी होणं, रक्त जाणं किंवा पोट दगडासारखं कडक होऊन सैल न होणं, यातलं एकही असेल तर बीपी कितीही असो, त्याच वेळी जा. पायाची सूज बहुतेक गरोदर बायकांना असते, तिच्यावरून काही ठरत नाही. मीठ बंद करून किंवा दिवसभर झोपून राहून हा आजार थांबत नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

आणि डिलिव्हरीनंतर मशीन कपाटात टाकू नका. त्या बाईचं बीपी चौथ्या दिवशी १६४/१०६ झालं, तोवर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे गेलेलं. तिसऱ्या ते सहाव्या दिवसात ते सगळ्यात जास्त चढतं, आणि झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. घरी सोडताना गोळ्या कधी कमी करायच्या आणि पुढची तपासणी कुठल्या दिवशी, हे कागदावर लिहून घ्या. पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत हे सांगा, म्हणजे १२ व्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करायची का ते डॉक्टर वेळेत ठरवतील.