पोर्ट उघडला, तरी डीव्हीआर बाहेरून दिसेना

प्रश्न: निपाणीत घरी फायबर आहे. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलाय, तरी बेळगावातून सीसीटीव्हीचा डीव्हीआर लागत नाही. गेममध्येही `NAT Type: Strict` येतं.

राउटरच्या स्टेटस पानावर `WAN IP` बघा. तो `100.64` ते `100.127` यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर नेटवाल्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय. बाहेरची जोडणी त्याच्याच यंत्रावर अडते, मग तुम्ही पोर्ट कितीही उघडा. व्हॉट्सअ‍ॅप कॉल तरीही लागतात, कारण थेट वाट नसेल तर ते मधल्या सर्व्हरवरून वळतात. कधी आवाज मागे पडतो, एवढंच.

डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पी२पी चालू करा आणि त्याच्याच अ‍ॅपमधून बघा, पोर्ट लागतच नाही. गेमसाठी मात्र नेटवाल्याकडे स्टॅटिक आयपी मागा. त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात, म्हणून आधी दर विचारा.